जादूगार मुलांचा, प्रगतिपुस्तक पालकांचं

मुलांच्या शिकण्याच्या ॲपला दोन गिऱ्हाइकं असतात. ॲप वापरतं मूल आणि पैसे देतात पालक. मुलाला मजा हवी असते, पालकांना गुण दिसायला हवे असतात. एकाच नावाने या दोघांना काय सांगायचं, हा ब्रँड उभा करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न आहे.

कॅनडाच्या ‘प्रॉडिजी’ने त्यावर काढलेला तोडगा हुशारीचा होता. ऑन्टारिओ प्रांतात २०११ मध्ये सुरू झालेल्या या खेळात मूल छोटा जादूगार होतं. राक्षसाशी लढाई जुंपली की मंत्र टाकण्याआधी गणित सोडवावं लागतं. मुलाच्या लेखी ही लढाई असते, गणित वाटेत लागतं. पालकांना मात्र वेगळंच चित्र दिसतं: मूल कोणत्या घटकात पुढे आहे आणि कुठे अडतंय याचा अहवाल. शिवाय शाळांना हा खेळ फुकट, प्रश्नही अभ्यासक्रमाला धरून. शिक्षकांनीच वर्गात दिलेल्या खेळावर पालकांचा आपोआप विश्वास बसतो. जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी असा विश्वास विकत मिळत नाही.

अडचण सुरू झाली ती कमाईपाशी. घरी खेळणाऱ्यांसाठी कंपनीने पैसे भरून घ्यायचं सभासदत्व ठेवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलांना जाहिरातींपासून वाचवण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने इतरांसह तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाकडे तक्रार केली. सभासद मुलांची पात्रं ढगावर बसून फिरतात, बाकीच्यांची मातीतून चालतात, असं तीत म्हटलं होतं. तक्रारदारांनी एकोणीस मिनिटं खेळून पाहिलं, तेव्हा सभासदत्वाच्या १६ जाहिराती दिसल्या आणि गणितं आली फक्त चार. कंपनीचं म्हणणं होतं की अभ्यासाचा सगळा भाग सर्वांना मोफतच आहे.

ते म्हणणं खरं धरलं तरी डावपेच चुकीचाच ठरतो. पालकांना पटवायचं काम इथे मुलाकडे सोपवलं गेलं. मित्र ढगावर आणि आपण चिखलात, हे आठ वर्षांच्या मुलाला सहन होत नाही. ते आईकडे हट्ट धरतं. आईने पैसे भरलेच, तर ते गणितासाठी नव्हे, रडणं थांबवण्यासाठी. अशा घरात पुढच्या वर्षी सभासदत्व चालू ठेवायला कारणच उरत नाही. ‘टोका बोका’ या स्वीडिश कंपनीने सुरुवातीच्या काळात उलट वाट धरली होती: पालकांनी ॲप एकदाच विकत घ्यायचं, खेळताना मुलापुढे काहीच विकायचं नाही.

भारतात जून २०२२ मध्ये आलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ‘हे घ्या’ किंवा ‘आईबाबांना घ्यायला सांगा’ असं जाहिरातीतून मुलांना थेट सांगता येत नाही. पालकांनी नवं ॲप घेण्याआधी मुलाशेजारी बसून दहा मिनिटं ते पाहावं. किती प्रश्न आले आणि किती वेळा काही विकत घ्यायला सांगितलं, हे दोन्ही मोजावं आणि मगच पैसे भरावेत.