पेन ड्राइव्हला निरोप, सोमवार ते शनिवार

पाच माणसांचं करसल्ल्याचं कार्यालय घेऊ. सोमवारी काहीच अपलोड करू नका. सगळे पेन ड्राइव्ह एका टेबलावर मांडा. एकाच ताळेबंदाच्या चार प्रती सापडतील. खरी कोणती, ते बनवणाऱ्यालाच विचारा. याला दोन दिवस लागतात, लागू द्या.

बुधवारी गूगल वर्कस्पेसची शेअर्ड ड्राइव्ह उघडा. साध्या जीमेलच्या सामायिक फोल्डरमध्ये जो फाइल चढवतो, मालकी त्याचीच राहते. तो नोकरी सोडून गेला की अडचण होते. शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल मात्र कार्यालयाचीच असते.

गुरुवारी चालू वर्षाचीच कागदपत्रं चढवा. शुक्रवारपासून ईमेलला फाइल न जोडता लिंक पाठवा, पण ती ठरावीक पत्त्यांपुरतीच उघडू द्या. शनिवारी पेन ड्राइव्ह न पुसता कपाटात कुलूपबंद ठेवा. महिनाभरात कुणी किल्ली मागितलीच, तर कुठली फाइल चढवायची राहिली ते कळेल.