संपादकातच होणारे बदलांचे परीक्षण

सामायिक प्रकल्पातील कोडमध्ये केलेले बदल मूळ शाखेत सामावून घ्यावेत, यासाठी केलेल्या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. व्हीएस कोड या संपादकात गिटहबचे विस्तारक बसवून विनंतीची शाखा 'चेकआउट' केली, म्हणजे स्वतःच्या संगणकावर उघडली, की बदललेल्या ओळींलगत अभिप्रायांचे धागे दिसतात आणि परीक्षकाला संपूर्ण प्रकल्पही हाताशी मिळतो. एखादे फंक्शन पूर्वी `0` परत करत असेल आणि आता `None` देत असेल, तर बदललेली ओळ निर्दोष वाटते. परंतु `Find All References` वापरल्यास त्या उत्तराची बेरीज करणारी दुसरी, न बदललेली फाइल सापडते आणि खरा दोष तेथे उघड होतो. ती फाइल विनंतीत नसल्याने ओळीलगतचा अभिप्राय मात्र तेथे न लिहिता विनंतीतील बदललेल्या ओळीलगत लिहावा लागतो.

`Start Review` निवडून लिहिलेला अभिप्राय परीक्षण सादर होईपर्यंत लेखकाला दिसत नाही. परीक्षक उत्तराची वाट पाहत राहतो आणि लेखकाला काहीच ठाऊक नसते, हा घोळ बहुधा यातूनच होतो. पुढे लेखकाने तीच ओळ बदलली, तर धाग्यावर `Outdated` अशी खूण येते. ती केवळ ओळ बदलल्याचे सांगते, दोष दूर झाल्याचे नव्हे.