गरोदरपणातला बीपी : जुना की नवा? आणि कोणती गोळी बदलायची?

गरोदर ताईचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर आम्ही कार्यकर्त्यांना आधी एकच प्रश्न विचारायला सांगतो : हा बीपी केव्हापासूनचा?

दिवस जाण्याआधीपासून असेल किंवा २० आठवड्यांच्या आत सापडला, तर तो बहुधा जुना बीपी. २० आठवड्यांनंतर पहिल्यांदाच चढला, तर तो गरोदरपणातला. हा साधारणपणे बाळंतपणानंतर १२ आठवड्यांत उतरतो. पण इथे फसगत होते. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि जुना बीपीही काही काळ खाली येतो. पहिली तपासणी पाचव्या महिन्यात झाली, तर तो नॉर्मल दिसतो आणि आठव्या महिन्यात चढला की नवा समजला जातो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली नोंद महत्त्वाची.

समजा, मुकुंदवाडीतल्या ३२ वर्षांच्या ताई दोन वर्षांपासून टेल्मिसार्टन घेत आहेत. पाळी चुकली, तपासणीत आठ आठवडे निघाले. त्यांचा बीपी जुना आहे आणि ही गोळी आता चालणार नाही. कारण असे : गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळाभोवतीचे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या ज्या यंत्रणेला रोखतात, तिच्यावरच बाळाची किडनी अवलंबून असते. किडनी मंदावली की पाणी आटते आणि पाणी कमी पडले की फुप्फुसांची वाढ खुंटते. अ‍ॅटेनोलॉल टाळतात ते बाळाचे वजन कमी राहते म्हणून.

पण गोळी मनाने बंद करू नये. त्याच आठवड्यात घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवून ती बदलून घ्यावी. पर्याय तीन : लॅबेटालॉल, निफेडिपिन (हळूहळू विरघळणारी) आणि मेथिलडोपा. दमा असेल तर लॅबेटालॉल टाळतात, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

या तिन्ही औषधांची परीक्षा आपल्याच नागपुरात झाली आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा रुग्णालयात २०१५ ते २०१७ दरम्यान अतिशय वाढलेला बीपी असलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांना यांपैकी एकेक औषध तोंडावाटे दिले. सहा तासांत, दुष्परिणामाशिवाय बीपी आटोक्यात आला तो निफेडिपिनने ८४ टक्के, तर इतर दोन्हींनी सुमारे ७६-७७ टक्के स्त्रियांत. म्हणजे या साध्या गोळ्यांनीही काम होते.

मात्र गोळी सुरू असली तरी जुन्या बीपीवर नवा त्रास चढू शकतो. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, लघवीत प्रथिने किंवा १६०/११० चा आकडा, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.