फेकलेल्या मासळीचे गणित

१४ जानेवारी १९९७ ची सकाळ. केरळातल्या वडकरा (तेव्हाचे बडगरा) गावच्या किनाऱ्यावर अकरा कोळ्यांच्या होड्या तारली मासळीने भरलेल्या, पण घेणारा कुणी नाही! आता ती मासळी फेकून द्यायची वेळ आली. गंमत बघा, तिथून पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस गिऱ्हाइके मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने घरी निघाली होती. एकमेकांची खबर द्यायची कशी?

यात नुकसान किती झाले? आपण मनाशी एक हिशेब मांडून पाहू.

समजा, एका टोपलीसाठी एक काकू जास्तीत जास्त ९० रुपये द्यायला तयार आहेत. कोळीदादा कमीत कमी २० रुपयांना ती विकायला तयार आहेत, त्याहून कमी मिळाले तर टोपली वाहून नेण्याचेही कष्ट सुटत नाहीत. सौदा ठरला ६० रुपयांना. काकूंचे ३० रुपये वाचले. हे झाले ‘उपभोक्त्याचे आधिक्य’. दादांना किमान भावापेक्षा ४० रुपये जास्त मिळाले. हे ‘उत्पादकाचे आधिक्य’. दोघांचा मिळून फायदा ७० रुपये.

आता भाव ७० ठरला तर? काकूंचे २०, दादांचे ५०. बेरीज पुन्हा ७०च! म्हणजे घासाघीस करून फक्त वाटणी बदलते. पण मासळी समुद्रात गेली, की ते ७० रुपये कुणाच्याच पदरात पडत नाहीत.

पुढे १९९७ ते २००१ या काळात केरळच्या या किनाऱ्यावर मोबाईल फोन आले. कोळी समुद्रातूनच विचारू लागले, ‘आज कुठे गिऱ्हाईक आहे?’ आणि होडी तिकडे वळवू लागले. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी या काळाचा अभ्यास करून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. मासळी फेकणे जवळजवळ थांबले. भाव सरासरी ४ टक्क्यांनी उतरला, तरी कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला! भाव उतरूनही नफा कसा? कारण आधी जी मासळी वाया जायची, तिचेही आता पैसे होऊ लागले. उपभोक्त्यांचे आधिक्यही ६ टक्क्यांनी वाढले.

मात्र या मापात एक खोट आहे. काकूंच्या शेजारणीला मासळी तितकीच हवी आहे, पण तिच्या बटव्यात १५च रुपये आहेत. तिची गरज या हिशेबात मोजलीच जात नाही, कारण हे माप भूक बघत नाही, खिसा बघते.

आता एक कोडे. हीच टोपली ८५ रुपयांना गेली, तर कुणाला किती? आणि भाव ९५ झाला तर? आईबाबांना विचारण्याआधी स्वतः करून बघा!