शेवग्याची पावडर : चमचा किती आणि वेळ कोणती?

शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीचं पाकीट वाचलं, की लोह आणि कॅल्शियमचे आकडे डोळ्यांत भरतात. शंभर ग्रॅम पावडरीत साधारण 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 25 ते 30 मिलिग्रॅम लोह असतं. पण शंभर ग्रॅम पावडर दिवसभरात कोणी खात नाही. चहाच्या एका सपाट चमच्यात ती जेमतेम तीन ग्रॅम मावते. म्हणजे चमच्यामागे कॅल्शियम साठेक मिलिग्रॅम आणि लोह एक मिलिग्रॅमच्याही आत. मोठ्या माणसाला दिवसाला कॅल्शियम 1000 मिलिग्रॅम लागतं, तर पाळी सुरू असलेल्या बाईला लोह 29 मिलिग्रॅम. त्यामुळे ही पावडर जेवणाला हातभार लावते, पण हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची जागा घेत नाही.

सुरुवात रोज अर्ध्या चमच्याने करावी. पोट बिघडलं नाही तर एक, फार तर दोन चमचे पुरे. जास्त घेतल्यास जुलाब किंवा मळमळ होऊ शकते. आमटी उतरवताना घालावी, नाहीतर थालीपिठाच्या भाजणीत किंवा भाकरीच्या पिठात मिसळावी. पाल्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, म्हणून सोबत लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

खरी काळजी औषधांच्या वेळेची. समजा, एक बाई सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात आणि पाठोपाठ कोमट पाण्यात पावडर घालून पितात. थायरॉक्सिन आतड्यात कॅल्शियमला आणि लोहाला चिकटतं आणि गोळीचा काही भाग वाया जाऊ शकतो. मग थकवा, बद्धकोष्ठ, वाढतं वजन अशी जुनी लक्षणं परततात आणि तपासणीत टीएसएच चढलेला दिसतो. उपाय सोपा आहे : गोळी सहालाच, पावडर दुपारच्या जेवणात. मध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत. पावडर नियमित सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावा.

रक्तदाबाच्या बाबतीत अडचण वेगळी. शेवग्याचा पाला रक्तदाब थोडा उतरवू शकतो. गोळीचा परिणाम त्यात मिळाला, तर उठताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पहिले दोन आठवडे घरी बीपी मोजून वहीत लिहावं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल आणि मूत्रपिंडं कमजोर असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. पाल्यातही पोटॅशियम असतं, त्यामुळे अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करू नये. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही तसंच करावं, कारण पाल्यातलं व्हिटॅमिन के त्या औषधाच्या विरोधात काम करतं.

बीपीचा आकडा खाली आला म्हणून स्वतःहून गोळी मात्र बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.