लाकडी पट्ट्यांचे भित्तिआवरण

लाकडी पट्ट्यांचे भित्तिआवरण म्हणजे भिंतीवर ठरावीक अंतराने अरुंद लाकडी पट्ट्या बसवून, किंवा सलग फळीवर समांतर पन्हळी कोरून, तयार केलेले अंतर्गत सजावटीचे आवरण होय. बैठकीच्या खोलीतील दूरचित्रवाणी संचामागील भिंत, पलंगाच्या उशाकडील भिंत, दुकाने, कार्यालये व सभागृहे येथे त्याचा वापर होतो. उंच-सखल पृष्ठभागामुळे भिंतीवर छायाप्रकाशाच्या रेषा उमटतात व हेच त्याचे मुख्य आकर्षण असते. मात्र याच उंच-सखलपणामुळे पॉलिश करावयाचा आणि पुसावयाचा पृष्ठभाग सपाट भिंतीच्या तुलनेत बराच वाढतो. आवरणाचा खर्च, निगा व धूळ हे तिन्ही प्रश्न या वाढीव पृष्ठभागाशी निगडित आहेत.

## प्रकार व संज्ञा

बाजारात हे आवरण ‘फ्लुटेड पॅनेल’, ‘लूव्हर पॅनेल’ अशा नावांनी विकले जाते. परंतु ही नावे काटेकोरपणे वापरली जात नाहीत. स्थापत्यशास्त्रात ‘फ्लूट’ म्हणजे आत गेलेली अर्धगोल पन्हळ होय. प्राचीन ग्रीक मंदिरांच्या डोरिक स्तंभांवर सामान्यतः अशा २० पन्हळी असतात. याउलट बाहेर फुगलेल्या समांतर उठावांना ‘रीडिंग’ म्हणतात. ‘लूव्हर’ ही मुळात हवा खेळती ठेवण्यासाठी खिडकीत किंवा दारात तिरप्या बसवलेल्या पट्ट्यांची संज्ञा आहे.

निगेच्या दृष्टीने दोन प्रकार वेगळे मानावे लागतात. पहिल्या प्रकारात चौकोनी काटछेदाच्या सुट्या पट्ट्या असतात व दोन पट्ट्यांमध्ये काटकोनी कोपऱ्यांची खाच तयार होते. दुसऱ्या प्रकारात गोलसर पन्हळी असतात. फडके गोलाईवरून सहज फिरते, परंतु काटकोनी कोपऱ्यात ते नीट पोहोचत नाही. त्यामुळे दिसायला सारखी वाटणारी ही दोन आवरणे स्वच्छ करण्याचे श्रम सारखे नसतात.

सागवानासारखे भरीव लाकूड, प्लायवुड किंवा एमडीएफवर चिकटवलेला विनिअर, तसेच लाकूड व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचे तयार पॅनेल ही सामग्री प्रामुख्याने वापरली जाते. ध्वनिशोषणासाठी बनवलेल्या पॅनेलांत पट्ट्या पॉलिएस्टर फेल्टच्या जाड थरावर बसवलेल्या असतात.

## पृष्ठभागाचे गणित

उदाहरणादाखल ३ मीटर रुंद व २.४ मीटर उंच, म्हणजे ७.२ चौरस मीटर क्षेत्रफळाची भिंत घेऊ. तिच्यावर २५ मिमी रुंद व २५ मिमी जाड पट्ट्या, दोन पट्ट्यांत २५ मिमी अंतर ठेवून, उभ्या बसवावयाच्या आहेत. एक पट्टी व एक खाच मिळून ५० मिमी होतात. म्हणून ६० पट्ट्या लागतील आणि त्यांची एकूण लांबी १४४ मीटर, म्हणजे सुमारे ४७२ फूट भरेल.

आता भिंतीच्या प्रत्येक ५० मिमी रुंदीत पट्टीचा दर्शनी भाग २५ मिमी, तिच्या दोन बाजू मिळून ५० मिमी आणि खाचेचा तळ २५ मिमी, असा १०० मिमी पृष्ठभाग येतो. याचा अर्थ भिंत ७.२ चौरस मीटरची असली, तरी पॉलिश करावयाचा व पुसावयाचा पृष्ठभाग १४.४ चौरस मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट आहे.

हे प्रमाण पट्टीच्या जाडीवर अवलंबून असते. बाकी मापे तीच ठेवून जाडी १२ मिमी केल्यास ते सुमारे दीडपट होते. जाडी २५ मिमी ठेवून खाच ५० मिमी रुंद केल्यास ते सुमारे १.६७ पट होते. शिवाय पट्ट्या ६० ऐवजी ४० लागतात. एकमेकींना लागून असलेल्या पूर्ण अर्धगोल पन्हळींचा पृष्ठभाग सपाट पृष्ठभागाच्या सुमारे १.५७ पट असतो आणि पन्हळ उथळ असल्यास त्याहूनही कमी.

## खर्च

इमारती लाकूड घनफुटावर विकले जाते. वरील ६० पट्ट्यांत प्रत्यक्ष भरणारे लाकूड केवळ ०.०९ घनमीटर, म्हणजे सुमारे ३.२ घनफूट असते. परंतु रंधा मारल्यावर २५ मिमी राहण्यासाठी पट्टी सुमारे ३० मिमी जाड व रुंद चिरावी लागते. त्यात तुकड्यांची तूट धरली की सुमारे ५ घनफूट लाकूड विकत घ्यावे लागते. म्हणजेच बरेचसे लाकूड भुसा, छिलके व तुकडे होऊन जाते.

केवळ हिशेबासाठी लाकडाचा दर घनफुटाला ४,००० रुपये व पॉलिशचा दर चौरस फुटाला १०० रुपये मानला, तर लाकडाचे २०,००० रुपये होतात. भिंतीच्या सपाट मापाने (सुमारे ७७.५ चौरस फूट) पॉलिशचे ७,७५० रुपये होतील, परंतु खऱ्या पृष्ठभागाने ते १५,५०० रुपये होतात. यात सुतारकाम, पाठीमागील प्लायवुड व रिपा धरलेल्या नाहीत. दर गाव व काळानुसार बदलत असले, तरी पॉलिशचा खर्च लाकडाच्या खर्चाच्या जवळ जातो ही बाब लक्षणीय आहे.

म्हणूनच दरपत्रकात पॉलिशचे मोजमाप कसे होणार, हे आधी लिहून घेणे आवश्यक ठरते. बांधकामाच्या मोजमापाविषयीचे भारतीय मानक आयएस १२०० यातही असमान पृष्ठभागाच्या रंगकामासाठी सपाट क्षेत्रफळाला गुणक लावण्याची पद्धत आहे. हे आधी ठरले नसल्यास ‘चौरस फुटाचा दर’ या शब्दांचा मालक एक अर्थ घेतो आणि कारागीर दुसरा, व वाद बिल देताना उद्भवतो.

## धूळ

घरातील धुळीत कपड्यांचे तंतू, त्वचेचे सूक्ष्म कण व बाहेरून आलेली माती यांचे मिश्रण असते. तिचे जड कण गुरुत्वाकर्षणाने वर तोंड असलेल्या पृष्ठभागावर बसतात. त्यामुळे पट्ट्या उभ्या आहेत की आडव्या, ही बाब निर्णायक ठरते.

वरील भिंतीवर त्याच मापाच्या पट्ट्या आडव्या बसवल्या, तर ३ मीटर लांबीच्या ४८ पट्ट्या लागतील. प्रत्येक पट्टीची वरची कड २५ मिमी रुंद असल्याने सर्व कडांचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर भरते. म्हणजे भिंतीच्या निम्म्या क्षेत्रफळाएवढी उघडी फडताळे खोलीत वाढवल्यासारखे होते. उभ्या पट्ट्यांत वर तोंड असलेला भाग केवळ त्यांच्या माथ्याचा असतो. तो सर्व मिळून ०.०४ चौरस मीटरहूनही कमी भरतो आणि पट्ट्या छतापर्यंत नेल्यास नाहीसा होतो.

तथापि उभ्या पट्ट्या धूळमुक्त नसतात. बारीक कण उभ्या पृष्ठभागालाही चिकटतात, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फोडणीच्या तेलाचा अंश असलेली वाफ पृष्ठभागावर बसून त्या कणांना धरून ठेवते. अशी चिकट धूळ कोरड्या फडक्याने निघत नाही. काळ्या किंवा गडद पॉलिशवर फिकट धूळ लवकर उठून दिसते. फेल्ट असलेल्या पॅनेलांत धूळ तंतूंमध्ये अडकते. फेल्ट ओल्या फडक्याने पुसल्यास ती मळकट डागांच्या रूपाने आत दाबली जाते.

खाचेची रुंदी ठरवताना फडके गुंडाळलेले बोट तळापर्यंत जाते का, ही साधी कसोटी उपयोगी पडते. २५ मिमीच्या खाचेत ते जाते. १२–१३ मिमीच्या खाचेत जात नाही व तेथे ब्रशच वापरावा लागतो. खाचेची खोली तिच्या रुंदीपेक्षा अधिक नसावी. काम देण्यापूर्वी फूटभर लांबीचा नमुना नियोजित भिंतीवर महिनाभर टांगून ठेवावा आणि नंतर पांढऱ्या फडक्याने त्याची खाच पुसून पाहावी. त्या खोलीतील धूळ किती आहे व ती चिकट आहे की कोरडी, हे त्यावरून कळते.

## निगा

सफाई नेहमी वरून खाली व खाचेच्या दिशेने करतात. प्रथम व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने किंवा रंगकामाच्या रुंद, कोरड्या ब्रशने धूळ काढतात. त्यानंतरच घट्ट पिळलेले फडके फिरवून लगेच कोरडे पुसतात. आधीच ओले फडके लावल्यास धुळीचा चिखल होऊन तो कोपऱ्यांत बसतो. दर खाचेला २० सेकंद धरले, तरी ६० खाचांच्या भिंतीला एका फेरीस २० मिनिटे लागतात. आवरण निवडताना हा वेळ खर्चाचाच भाग मानणे योग्य ठरते.

ओलावा हा लाकडाचा मोठा शत्रू आहे. कोकण किनारपट्टीसारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात लाकूड आडव्या दिशेने फुगते व उन्हाळ्यात आकसते. तंतूंच्या दिशेने मात्र त्याच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. सागवानातील आर्द्रता १० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेल्यास त्याची रुंदी जास्तीत जास्त पाऊण टक्क्याच्या आसपास वाढते. २५ मिमीच्या सुट्या पट्टीत हा फरक ०.२ मिमी इतकाच असतो व खाचेत तो सहज सामावतो. परंतु भरीव पन्हळी फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून ३ मीटर भिंत झाकल्यास तोच फरक २० मिमीहून अधिक होऊ शकतो. फळ्या मध्येच फुगून भिंतीपासून सुटणे किंवा उन्हाळ्यात सांधे उघडणे, ही याची लक्षणे होत. यासाठी सांध्यांत व कडांना मोकळी जागा सोडतात.

बाहेरच्या बाजूची किंवा स्नानगृहाला लागून असलेली भिंत आधी तपासणे आवश्यक असते. त्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवतात. प्लॅस्टिकच्या आतील बाजूस पाणी धरल्यास ओल भिंतीतून येत आहे असे समजावे. अशा भिंतीवर आवरण बसवल्यास ओल झाकली जाते, मात्र थांबत नाही; मागे बुरशी व वाळवी वाढते. कुबट वास, पट्टीवर थाप मारल्यावर येणारा पोकळ आवाज व भिंतीच्या कडेने दिसणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या ही तिची चिन्हे आहेत. तळाशी ७५ ते १०० मिमी उंचीची सपाट स्कर्टिंग ठेवल्यास फरशी पुसतानाचे पाणी पट्ट्यांपर्यंत पोहोचत नाही. एमडीएफ एकदा पाणी शोषून फुगले की पूर्ववत होत नाही, म्हणून त्याबाबत ही काळजी अधिक घ्यावी लागते.

दुरुस्तीच्या दृष्टीने भरीव लाकूड घासून पुन्हा पॉलिश करता येते, परंतु प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजू हाताने घासाव्या लागत असल्याने ते काम वेळखाऊ असते. विनिअरचा थर पातळ असल्याने तो जोरात घासता येत नाही. प्लॅस्टिकमिश्रित पॅनेलवरील छापील आवरण खरवडले गेल्यास पूर्ण पॅनेल बदलावे लागते. त्यासाठी त्याच नक्षीची एक-दोन पॅनेले जादा घेऊन ठेवतात. आवरण सलग न चिकटवता सुमारे ६०० मिमी रुंदीच्या, स्क्रूने काढता येणाऱ्या भागांत बसवल्यास मागील वायरिंग व ओल तपासता येते.

## उपयुक्तता व मर्यादा

कोरड्या आतील भिंतीवर, उभ्या, उथळ व रुंद खाचांचे आवरण खर्च व निगा या दोन्ही दृष्टींनी सोयीचे ठरते. खर्च कमी करावयाचा असल्यास संपूर्ण भिंतीऐवजी तिचा एक भाग झाकून उरलेला सपाट ठेवतात. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, रहदारीच्या रस्त्याकडे सतत उघड्या असणाऱ्या खिडकीलगत, तसेच धुळीची ॲलर्जी किंवा दमा असलेल्या व्यक्तीच्या शयनगृहात आडव्या पट्ट्या व फेल्टची पॅनेले टाळणे इष्ट मानले जाते. अशा ठिकाणी सपाट विनिअर किंवा लाकडी रंगछटेचे गुळगुळीत लॅमिनेट हा पर्याय उरतो. त्यात छायाप्रकाशाच्या रेषा मिळत नाहीत, परंतु भिंत एका फडक्याने पुसता येते.