अठराशे रुपयांचा फरक

साताऱ्यात रंग आणि पाइप विकणाऱ्या एका छोट्या दुकानदाराचा ऑक्टोबर महिना उदाहरणादाखल घेऊ. माल १८ टक्क्यांचा, घेणारे-देणारे सगळे महाराष्ट्रातलेच. परत आलेला माल वजा जाता विक्री ६ लाखांची, म्हणून विक्रीवरचा कर १ लाख ८ हजार. खरेदीवहीप्रमाणे त्याने पुरवठादारांना भरलेला कर ८६,४००.

विक्रीच्या बिलांचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये ११ नोव्हेंबरपर्यंत जातो. त्यावरूनच जीएसटीआर-३बी या मासिक गोषवाऱ्यात कराचा आकडा आपोआप येतो. इथे आला १,११,६००. जास्तीचे ३,६०० कुठले? एका ठेकेदाराने २० हजारांचा रंग परत केला होता. त्याची क्रेडिट नोट वहीत होती, पण जीएसटीआर-१ मध्ये चढवायची राहिली होती. ३बी भरण्याआधी ही चूक जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करता येते. तशी केल्यावर आकडा जुळला.

खरेदीची बाजू जास्त फसवी असते. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होते. तीत दुकानदाराच्या नावावर ८४,६०० जमा दिसले. वहीशी फरक फक्त अठराशेचा, म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण नुसत्या बेरजा जुळवणे म्हणजे ताळमेळ नव्हे. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि रक्कम अशी एकेका बिलावर खूण करत गेले की खरे चित्र दिसते.

तसे केल्यावर दोन बिले सुटी राहिली. पहिले वहीत होते, २बीत नव्हते. त्यावरचा कर ७,२००. फोन केल्यावर कळले, पुरवठादाराने विवरणपत्र १३ तारखेला भरले. म्हणजे ते बिल पुढच्या महिन्याच्या २बीत येणार. २बीत न दिसणाऱ्या बिलाची वजावट १ जानेवारी २०२२ पासून घेता येत नाही, पैसे चुकते केलेले असले तरीही.

दुसऱ्याचे उलट. ३१ ऑक्टोबरचे बिल, कर ५,४००. २बीत होते, पण टेंपो दुकानात पोचला ३ नोव्हेंबरला. माल हाती आल्याशिवाय वजावटीचा हक्क नाही. अशा वेळी ३बीच्या 4(A)(5) या रकान्यात २बीचे पूर्ण ८४,६०० ठेवायचे आणि 4(B)(2) मध्ये ५,४०० तात्पुरते परत दाखवायचे.

उरले ७९,२००. एक लाख आठ हजारांतून ते वजा करून २० तारखेपर्यंत भरायचे २८,८००, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. वहीवर विसंबून भरले असते तर ७,२०० कमी भरले गेले असते आणि त्यावर व्याजाची टांगती तलवार राहिली असती.

ही दोन्ही बिले वेगळ्या कागदावर लिहून ठेवलेली बरी. नोव्हेंबरच्या ३बीत ५,४०० पुन्हा 4(A)(5) मध्ये घेऊन 4(D)(1) मध्येही दाखवायचे असतात. ७,२०० चे बिल १४ डिसेंबरच्या २बीत आले का, तेही पाहायचे. राहून गेलेली वजावट घेण्याची मुदत साधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर मुदतही तेव्हाच संपते.